चटणीसाठी ७५० वॉटचा मिक्सर: पावसाळाभर वापरून झाल्यावर

मे अखेरीस घेतलेला तीन भांड्यांचा हा मिक्सर दिवाळी उलटली तरी रोज चालतोय. आचऱ्याजवळ आमच्या घरी पर्यटक राहायला येतात. सकाळी आंबोळ्या नाहीतर इडल्या, आणि सोबत ओल्या नारळाची चटणी. पाहुणे आठपासून अकरापर्यंत कधीही उठतात, त्यामुळे सकाळी वाटलेली चटणी तीन तास तरी टिकायला हवी असते. मोठ्या भांड्यांबद्दल फारसं लिहीत नाही. पीठ बरं वाटलं जातं, मसाला त्याहून बरा. मला सांगायचंय ते ४०० मिलीच्या छोट्या भांड्याबद्दल.

आधी पोत. पाट्यावर खोबरं चिरडलं जातं, त्याचं दूध सुटतं आणि त्याच दुधात कण धरून राहतात. मिक्सरचं पातं फक्त कापतं. त्यामुळे नुसतं बटण फिरवून सोडलं तर वर भरड राहतं, खाली लगदा होतो, आणि आणखी फिरवत गेलं की भांडं तापतं. खोबरेल साधारण २४ अंशांना वितळतं. आमच्याकडे पावसातसुद्धा स्वयंपाकघर त्याहून गरम असतं, म्हणजे खोबऱ्यातली चरबी आधीच पातळ असते. त्यात मोटारीची उष्णता आली की चटणीवर तेलकट चकाकी येते आणि जिभेवर चोथा वेगळा, तेल वेगळं लागतं. पहिल्या आठवड्यातच सासूबाईंनी बोट लावून विचारलं, "गो बाय, ही चटणी गरम कित्याक लागता?" प्रश्न बरोबर जागी होता.

आता जमलेली पद्धत अशी. मध्यम नारळाचं दोन वाट्या खवलेलं खोबरं घ्यायचं. खवताना करवंटीजवळची तपकिरी साल येऊ द्यायची नाही. ती आली की चटणी करडी दिसते आणि किंचित तुरट लागते. दोन चमचे डाळं कोरडंच आधी बारीक करायचं, कारण ओल्या खोबऱ्यात ते अख्खं टाकलं की त्याचे कण शेवटपर्यंत राहतात. हे डाळं पाणी धरून ठेवतं, चटणी ताटात फुटत नाही. मग दोन-तीन मिरच्या, आल्याचा तुकडा आणि मीठ त्यातच फिरवायचं. शेवटी खोबरं आणि अर्धी वाटी गार पाणी घालून इंचरवर दोन-दोन सेकंदांचे झटके द्यायचे. मध्ये थांबून कडेला चिकटलेलं खाली ओढायचं. पाणी लागेल तसं आणखी पाव वाटी. बोटांत चोळल्यावर बारीक रवा लागला आणि चमचा तिरपा केल्यावर चटणी सावकाश घसरली, की थांबायचं. इडलीला याहून थोडी पातळ चालते, आंबोळीला हीच.

या कामाला भांड्याचा आकार चांगला आहे. पातं तळाला लागून बसलंय, त्यामुळे एका नारळाचं खोबरं त्याच्याखाली अडकून राहत नाही. मात्र दोन नारळांचं एकदम कोंबलं की मोटार गुरगुरते, आणि मग खालचं लाल बटण दाबून ती पुन्हा चालू करावी लागते. जास्त पाहुणे असले तर दोनदा वाटणं हाच उपाय.

आता आंबण्याचा भाग. आंबते म्हणजे जंतू खोबऱ्यातली साखर खाऊन आम्ल करतात, आणि ५ ते ६० अंशांच्या मध्ये ते भराभर वाढतात. आमची सकाळ या पट्ट्याच्या बरोबर मधोमध असते. त्यामुळे चटणी गार वाटली जाणं आणि वाटताना तिच्यात जंतू कमी जाणं, दोन्ही महत्त्वाचं. पाणी उकळून गार केलेलंच घालते. नारळातलं पाणी बरेच जण चवीसाठी घालतात. मी एका सकाळी एकाच नारळाचे दोन भाग करून एकात ते घातलं, दुसऱ्यात उकळून गार केलेलं पाणी. दोन्ही वाट्या नऊ वाजता ओट्यावर ठेवल्या. नारळपाण्याची साडेबाराच्या सुमारास नाकाला कळली, कडेला बारीक बुडबुडेही आले होते. दुसरी तेव्हा ठीक होती, जेवण आटोपल्यावर तीही गेली. नारळपाण्यात मुळातच साखर असते आणि फोडताना करवंटीची घाण त्यात उतरते. आमच्याकडे ते आता पिऊन टाकतात.

दही घातलेली चटणी याहून लवकर आंबट होते, कारण जंतू आपणच घातलेले असतात. कोथिंबीर घालायची तर माती निघेपर्यंत दोन-तीन पाण्यांतून काढायची. चिंचेचा कोळ किंवा लिंबू थोडं घातलं तर वाढ जरा मंदावते, पण त्यावर विसंबून दुपारपर्यंत बाहेर ठेवू नये. आंबट वास येत नाही म्हणजे चटणी चांगली, असंही नाही. बिघडवणारे सगळेच जंतू आंबट करत नाहीत. आमच्याकडे बाहेर दोन तास, त्यानंतर उरलेली टाकून देतो.

खरा चोर मात्र भांड्यात सापडला. झाकणाची रबरी कडी आणि पात्याखालची खोबण या दोन जागी खोबऱ्याचा थर राहतो. थंड पाण्याने धुतलं की चरबी गोठून तिथेच बसते, आणि उद्याच्या चटणीत आजचं विरजण पडतं. वाटून झाल्याबरोबर भांड्यात कडक गरम पाणी नि साबणाचे दोन थेंब घालून दहा सेकंद फिरवते, मग कडी काढून वेगळी धुते आणि सगळं उपडं घालून पूर्ण सुकवते. झाकण लावून ठेवत नाही. पावसाळ्यात सुकत नव्हतं तेव्हा चुलीच्या वरच्या फळीवर ठेवायचो.

ठेवण्याची पद्धतही बदलली. एकच मोठं पातेलं टेबलावर ठेवत नाही. वाटलेली चटणी लगेच तीन लहान स्टीलच्या डब्यांत जाते. दोन फ्रिजमध्ये, एक पानांत. रिकामा झाला की दुसरा. फोडणी डबाभर ओतत नाही, जेवढी वाढायची तेवढ्यावरच, तीही कोमट झाल्यावर. गरम फोडणी घालून झाकण लावलं की आत वाफ धरते आणि चटणी कोमट राहते. फ्रिजमधल्या डब्यावर पांढरे घट्ट कण दिसले तर घाबरू नका, ती गोठलेली चरबी आहे, बाहेर थोडा वेळ ठेवली की सुटते. तार धरली, फेस आला किंवा जिभेला चुणचुण लागली तर मात्र फेकायची.

खवलेलं खोबरं फ्रीझरमध्ये ठेवून वापरणं हा आमचा सोयीचा शोध. दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवून वाटलं तर भांडं तापत नाही. अगदी दगडासारखं टाकलं तर चरबीच्या गुठळ्या होतात आणि चटणी मेणचट लागते. पाहुण्यांना गाडीत डबा द्यायचा असेल तर ओली चटणी देतच नाही, सुक्या खोबऱ्याची देतो.

तक्रारी दोन. भांड्याखालचं प्लास्टिकचं कपलर गणपतीतच झिजलं. दुकानदाराने वॉरंटीत ते येत नाही म्हणून पैसे घेतले. आणि समुद्राच्या हवेत पात्याखालच्या नटाला गंज धरतोय, तो दर आठवड्याला पुसावा लागतो. खरेदी करताना छोट्या भांड्याचं पातं किल्लीने सुटतं का, हे दुकानातच उघडून बघा. या मॉडेलचं सुटतं, शेजारच्या घरी आहे त्याचं नाही, आणि ते भांडं कितीही घासलं तरी वास सोडत नाही.