अ‍ॅडव्हान्स दोनदा मोजणारं सॉफ्टवेअर : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

वर्गणी संपत आल्याची सूचना आली म्हणून लिहायला बसलो. कॅश फ्लोचा अंदाज काढणारं हे सॉफ्टवेअर मी एका पूर्ण कंत्राटासाठी वापरलं. वर्षाचे पैसे आधीच भरले होते, त्यामुळे चुकत होतं तरी सोडवेना. दिसायला छान आहे, चालतंही वेगाने. माझं भांडण एकाच गोष्टीशी आहे: अ‍ॅडव्हान्सची वसुली.

कामाची किंमत 100 धरू. अ‍ॅडव्हान्स 20, रिटेन्शन 5 टक्के, खर्च 85. दोन-दोन महिन्यांचे चार टप्पे आणि त्यांची बिलं 15, 30, 35 आणि 20. प्रत्येक बिलाचे पैसे पुढच्या टप्प्यात हातात येतात. सॉफ्टवेअरने सुरुवातीला 20 जमा दाखवले, मग चारही बिलं पूर्ण जमा दाखवली. म्हणजे 100 च्या कामावर 120 जमा! मी महिन्यांचे उंच-बुटके खांब बघत राहिलो, तळाची बेरीज कधी तपासलीच नाही.

प्रत्यक्षात ग्राहक प्रत्येक बिलातून बिलाचे 20 टक्के अ‍ॅडव्हान्सपोटी वळते करून घेतो आणि 5 टक्के रिटेन्शन अडकवून ठेवतो. म्हणून 15 च्या पहिल्या बिलाचे हातात आले 11.25. पुढच्यांचे 22.50, 26.25 आणि 15. अ‍ॅडव्हान्सचे 20, बिलांचे 75, शेवटी रिटेन्शनचे 5. बेरीज बरोबर 100.

खर्च प्रत्येक टप्प्याला बिलाच्या 85 टक्के होता. पहिल्या टप्प्याअखेर हातात 7.25 होते, दुसऱ्याअखेर 7 ची तूट आली, तिसऱ्याअखेर 14.25 ची. सॉफ्टवेअर मात्र तिसऱ्या टप्प्याअखेर फक्त 3 ची तूट दाखवत होतं. तेवढ्याच भरवशावर मी बँकेकडे छोटी कर्जमर्यादा मागितली होती. काम ऐन भरात असताना मालवाल्यांचे पैसे थकले, आणि त्यातल्या दोघांनी पुढचा माल रोखीशिवाय द्यायला नकार दिला.

सपोर्टला फोन केला. पहिल्यांदा सांगितलं, बिलाची रक्कमच 20 टक्क्यांनी कमी करून टाका. हे साफ चूक आहे. तसं केलं की जमा जुळते, पण उत्पन्न 100 ऐवजी 80 दिसतं आणि नफ्याच्या जागी तोटा. अ‍ॅडव्हान्स हे उत्पन्न नाहीच; काम होईपर्यंत ते आपण ग्राहकाला लागत असलेलं देणं आहे. जसजशी बिलं निघतात, तसतसं ते फिटतं. म्हणून बिल पूर्ण रकमेचंच हवं आणि वसुली वेगळ्या ओळीत हवी. हे समजावताना तीन फोन गेले, आणि दरवेळी नवा माणूस.

चौथ्या फोनवरच्या बाईंना मात्र काम कळत होतं. टप्प्याला जोडलेली वजा रकमेची जमा टाकता येते, हे त्यांनी दाखवलं. ही सोय पहिल्यापासून होती, फक्त मदत-पानावर तिचा उल्लेख नव्हता. तेव्हा माझं मत थोडं बदललं. पण टक्का मात्र दर बिलाला हाताने टाकावा लागतो, आणि अ‍ॅडव्हान्स किती उरला हे ते बघत नाही. आमच्याकडे वाढीव काम निघालं. त्याच्या बिलावरही सॉफ्टवेअरने 20 टक्के कापले, जेव्हा वसूल करायला काही उरलंच नव्हतं. त्यामुळे आता वसुली मी शेजारच्या शीटमध्ये काढतो. `B8` मध्ये आधीचा शिल्लक अ‍ॅडव्हान्स, `C5` मध्ये बिल:

```
=MIN(B8, C5*20%)
```

काम संपल्यावर शिल्लक शून्य आली तरच अंदाज बरोबर. मध्येच शून्याखाली गेली, तर वसुली जास्त धरली आहे.

एका गोष्टीवर मात्र मी मनापासून खूश आहे. तिसरा टप्पा महिनाभर लांबला, तेव्हा मी एकच तारीख सरकवली आणि बिल, वसुली, सब-काँट्रॅक्टरचं देणं सगळं पुढे सरकलं; पगार आणि भाडं मात्र जागच्या जागी राहिलं. जमा लांबते आणि पगार थांबत नाही, हे एका नजरेत दिसलं. शीटमध्ये यासाठी माझी अख्खी संध्याकाळ जायची. फक्त बिलाचे पैसे यायचे दिवस कुठून मोजायचे ते बदलून घ्या: ते काम संपल्यापासून मोजतं, खरे दिवस मोजमाप मंजूर होऊन बिल पास झाल्यापासून सुरू होतात.

घेण्याआधी चाचणी आवृत्तीत 100 चं काम आणि 20 चा अ‍ॅडव्हान्स टाकून एकूण जमा बघा. 120 आली, तर वसुलीची ओळ तुम्हालाच टाकावी लागेल.

मी तारखांच्या सोयीसाठी वर्गणी वाढवतोय, पण या वेळी महिन्यामहिन्याची. हातात आज 10 आहेत. रिटेन्शनचे 5 दोषदुरुस्तीची मुदत संपल्यावर येतील, आणि ती तारीख मी शीटमध्येच लिहून ठेवली आहे.