एचआरएसमध्ये टर्लिप्रेसिन की नॉरअ‍ॅड्रेनलिन, माझा कल कुठे आणि का

सिरोसिसचा पेशंट, पोटात पाणी, क्रिएटिनिन चढतंय, म्हटल्यावर राउंडला कोणीतरी लगेच एचआरएस, म्हणजे हेपॅटोरिनल सिंड्रोम, लिव्हरच्या आजारामुळे किडनी बंद पडत जाणं, असं म्हणून मोकळं होतं. मग पुढचा प्रश्न, रक्तवाहिन्या आवळणारं कुठलं औषध, टर्लिप्रेसिन लावायचं की नॉरअ‍ॅड्रेनलिन? मी दोन्ही वापरलंय, दोन्हीने पेशंट सुधारलेत आणि दोन्हीने रात्रीची झोपही उडालीय. पण औषधाकडे जायच्या आधी एक सांगतो, मी पाहिलेल्या चुका औषध निवडण्यात कमी आणि निदानात जास्त होत्या.

एचआरएसमध्ये किडनी मुळात धडधाकट असते. आतड्याकडच्या रक्तवाहिन्या इतक्या सैलावतात की बाकी शरीराला रक्त कमी पडल्यासारखं वाटतं, आणि त्या कमतरतेला घाबरून किडनीच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. किडनी उपाशी आहे, मेलेली नाही. ट्युब्युलर नेक्रोसिसमध्ये, म्हणजे एटीएनमध्ये, नळ्यांच्या पेशीच खराब झालेल्या असतात, तिथे रक्तवाहिन्या आवळणारं औषध देऊन फारसं काही साधत नाही, उलट त्रास होऊ शकतो. तिसरा प्रकार साधा, लॅक्टुलोजने जुलाब झालेत किंवा डाययुरेटिक जास्त झालंय, शरीर कोरडं पडलंय, भरपाई केली की क्रिएटिनिन खाली येतं.

हे वेगळं काढायला मी लघवीचा सॅम्पल शक्यतो स्वतः मायक्रोस्कोपखाली बघतो. मातकट तपकिरी, दाणेदार कास्ट, म्हणजे किडनीच्या नळ्यांत बनलेले साचे, भरपूर दिसले तर एटीएनकडे झुकायचं. फक्त बिलिरुबिन खूप वाढलेलं असेल तर पित्ताने रंगलेले कास्ट एचआरएसमध्येही दिसतात आणि चांगले चांगले फसतात, मीही फसलोय. लघवीतून जाणारं सोडियम अगदी नगण्य, म्हणजे फ्रॅक्शनल एक्स्क्रिशन ०.२ टक्क्याच्या खाली असेल तर एचआरएसची बाजू घट्ट होते, पण डाययुरेटिक चालू असताना हा आकडा भरवशाचा नाही. लघवीत प्रोटीन किंवा लाल पेशी भरपूर असतील, सोनोग्राफीत किडनी लहान दिसत असेल, तर आधी किडनीचा मूळचा आजार शोधा.

आता अल्ब्युमिन, म्हणजे रक्तवाहिन्यांत पाणी धरून ठेवणारं प्रोटीन, शिरेतून देतात ते. पूर्वी नियमच होता, डाययुरेटिक बंद करा, दोन दिवस रोज किलोमागे १ ग्रॅम, जास्तीत जास्त १०० ग्रॅम, आणि मगच एचआरएस म्हणा. २०२४ च्या तज्ज्ञांच्या सहमतीत हा दोन दिवसांचा हट्ट सोडलाय, चोवीस तासांत पेशंटचं पाणी किती आहे ते बघा आणि गरज असेल तरच भरा असं म्हटलंय. मला हे पटतं, कारण अल्ब्युमिनच्या बाटल्या लावणं सोपं आणि फुफ्फुसातून ते पाणी काढणं अवघड. एका पेशंटला आम्ही टर्लिप्रेसिनसोबत सवयीने रोज ४० ग्रॅम देत राहिलो, तिसऱ्या रात्री सॅच्युरेशन ८७ वर आलं. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या कन्फर्म ट्रायलमध्येही हेच दिसलं, टर्लिप्रेसिन गटात किडनी प्लासिबोपेक्षा जास्त जणांची सुधारली, ३२ टक्के विरुद्ध १७, पण श्वास निकामी होऊन मेलेलेही जास्त होते, ११ टक्के विरुद्ध २. त्यामुळे मानेची शीर, छातीचा आवाज, सॅच्युरेशन रोज बघायचं आणि फुगलेला दिसला की अल्ब्युमिन थांबवायचं, लागलंच तर फ्युरोसेमाइड द्यायचं.

मग दोन औषधांची गोष्ट. काम दोघांचं एकच, सैल पडलेल्या वाहिन्या आवळून सरासरी ब्लड प्रेशर निदान १० ने वर न्यायचं. नॉरअ‍ॅड्रेनलिन तासाला ०.५ मिलिग्रॅमपासून ३ पर्यंत चढवता येतं, आणि त्याची खरी चांगली गोष्ट म्हणजे बंद केलं की काही मिनिटांत उतरतं. टर्लिप्रेसिन शरीरात हळूहळू सुटत राहतं, बोट पांढरं पडलं किंवा छातीत दुखलं तर बंद केल्यावरही तासन्‌तास वाट बघावी लागते. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असेल, सॅच्युरेशन आधीच ९० च्या खाली असेल, तर मी टर्लिप्रेसिनच्या वाटेला जात नाही. शॉकमधला, आधीच आयसीयूत असलेला पेशंट असेल तर नॉरअ‍ॅडच, त्यात वाद नाही.

पण बाकीच्यांचं काय? इथे मला एका गोष्टीने वैताग आणला, आणि खरं सांगायचं तर माझा निर्णय तिनेच केला. नॉरअ‍ॅडला सेंट्रल लाइन लागते, सतत मॉनिटर लागतो, म्हणजे आयसीयूचा बेड लागतो. बेडसाठी फोन करायचा, "संध्याकाळपर्यंत बघू" ऐकायचं, संध्याकाळी तेच, सकाळी तेच, आणि प्रत्येक रिपोर्टला क्रिएटिनिन थोडं वर. एचआरएसमध्ये सुरुवातीचं क्रिएटिनिन जितकं जास्त तितकं औषध कमी लागू पडतं, म्हणजे बेडची वाट बघण्यात आपण औषधाची ताकदच घालवतो. टर्लिप्रेसिन हाताच्या साध्या लाइनमधून लगेच सुरू करता येतं, म्हणून माझा कल तिकडे. काही ठिकाणी वॉर्डात नॉरअ‍ॅड चालवतात म्हणे, तुमच्याकडे तशी सोय आणि नर्सिंग असेल तर माझा हा मुद्दा निम्मा गळून पडतो.

टर्लिप्रेसिनही मी आता दर सहा तासांनी इंजेक्शन असं देत नाही, २४ तासांच्या इन्फ्युजनमध्ये देतो. बोलसनंतर पोटात कळा, जुलाब, रात्री दोनच्या डोसला पांढराफटक चेहरा, हे इन्फ्युजनवर कमी दिसतं. इटलीतल्या २०१६ च्या एका ट्रायलमध्येही इन्फ्युजनने परिणाम साधारण तेवढाच पण कमी डोसमध्ये आणि कमी त्रासात मिळाला होता.

एक पेशंट सांगतो म्हणजे कळेल. साठ किलोचा माणूस, दारूमुळे सिरोसिस, क्रिएटिनिन आधीचं ०.९, आता २.४, सरासरी प्रेशर ६४. डाययुरेटिक बंद, पोटातलं पाणी काढून तपासलं, इन्फेक्शन नाही. लघवीत कास्ट नाहीत. जीभ कोरडी होती म्हणून ६० ग्रॅम अल्ब्युमिन, म्हणजे २० टक्क्यांच्या १०० मिलीच्या तीन बाटल्या. दुसऱ्या दिवशी जीभ ओली, क्रिएटिनिन २.६. ईसीजी ठीक, सॅच्युरेशन ९७. दुपारी आयसीयूला बेडसाठी फोन केला आणि वाट न बघता हाताच्या साध्या लाइनमधून टर्लिप्रेसिन २ मिलिग्रॅम २४ तासांवर सुरू केलं, सोबत रोज एकच बाटली अल्ब्युमिन. दोन दिवसांनी प्रेशर ७२, पण क्रिएटिनिन २.३, म्हणजे २५ टक्क्यांनी उतरलं नव्हतं, म्हणून ४ मिलिग्रॅम केलं. त्या संध्याकाळी फुफ्फुसाच्या तळाला खरखर ऐकू आली असं रेसिडेंट म्हणाला, लगेच अल्ब्युमिन थांबवलं. पुढच्या दोन दिवसांत १.७, आणि सुरुवातीपासून सातव्या दिवशी १.१. आधीच्या ०.९ पासून ०.३ च्या आत आलं की पूर्ण उत्तर मिळालं धरतात, तिथे औषध बंद केलं. चौदा दिवसांच्या पुढे तसंही नेत नाहीत, आणि दुपटी-तिपटीने डोस वाढवूनही क्रिएटिनिन हललं नाही तर चौदा दिवस थांबायचंही कारण नाही.

बंद केल्यावर काही जणांना परत होतं, तेव्हा परत सुरू केलं तर बहुतेकदा परत लागू पडतं. लिव्हर तेच असल्यामुळे ट्रान्सप्लांटचं बोलणं मी पहिल्याच दिवशी काढतो. ह्या माणसाचंही यादीसाठी काम चालू केलं होतं. आयसीयूतून बेड रिकामा झाल्याचा फोन आला तेव्हा त्याचं क्रिएटिनिन १.७ होतं.