चार मीटरच्या खोलीवर कमान, घुमट की कॉर्बेल?

वास्तुरचनेच्या पहिल्या वर्षात दगड-विटांच्या बांधकामाचा आराखडा करताना विद्यार्थी बहुधा आकारापासून सुरुवात करतात. अर्धवर्तुळ सुंदर दिसते म्हणून कमान, आणि भव्यता हवी म्हणून घुमट, असा विचार होतो. पुढे सरकत जाणाऱ्या थरांचे, म्हणजे कॉर्बेलचे, छत प्राचीन वाटते म्हणून त्याचाही विचार होतो. माझ्या मते निवडीचा पहिला प्रश्न वेगळा असायला हवा. छताच्या वजनातून जो आडवा रेटा निर्माण होतो, तो कोण पेलणार आहे? वीट आणि दगड दाब उत्तम सोसतात, पण चुन्याच्या सांध्यांवर ताण आला की ते उघडतात. त्यामुळे तिन्ही प्रकारांतला खरा फरक या एका प्रश्नाच्या उत्तरात सापडतो. आपण चार मीटर गाळ्याची, म्हणजे समोरासमोरच्या भिंतींत चार मीटर अंतर असलेली, तीन मीटर उंच भिंतींची खोली समोर ठेवू आणि तिच्यावर तिन्ही छते क्रमाने बसवून पाहू.

कॉर्बेलपासून सुरुवात करू, कारण त्याचे गणित सर्वांत सोपे आहे. भिंतीवर दगडाचा एक थर थोडा पुढे काढायचा, त्याच्यावर दुसरा आणखी थोडा पुढे, असे दोन्ही बाजूंनी करत मध्ये भेटायचे. येथे प्रत्येक दगड मागच्या टोकाने दाबून धरलेल्या फळीसारखा काम करतो. तो शेजाऱ्याला ढकलत नाही, केवळ आपल्या खालच्या दगडावर टेकतो, म्हणून तत्त्वतः आडवा रेटा नाही. त्याऐवजी संपूर्ण ढीग आत कलंडण्याची प्रवृत्ती असते. दगड 90 सेंटिमीटर लांब आहेत, थर 20 सेंटिमीटर उंच आहेत आणि प्रत्येक थर 15 सेंटिमीटर पुढे काढला आहे असे समजा. पाच थर रचले की त्यांचा एकत्रित गुरुत्वमध्य नेमका भिंतीच्या आतल्या कडेवर येतो, आणि सहावा थर ठेवताच ढीग आत पडतो. पाच थरांत आपण जेमतेम 75 सेंटिमीटर पुढे आलो, आणि मध्यापर्यंत तर दोन मीटर जायचे आहे. त्यासाठी याच मापाने चौदा थर, म्हणजे 2.8 मीटर उंची लागेल. शिवाय पाचव्या थरानंतर प्रत्येक थराच्या मागच्या टोकावर पुरेसे वजन ठेवावे लागेल. कॉर्बेलची छते जाड, उंच आणि पाठीमागे भरावाने लादलेली का असतात, ते येथे कळते.

एक मर्यादा आणखी आहे. पुढे आलेल्या दगडावर वजन पडले की त्याच्या वरच्या पृष्ठभागावर ताण येतो, आणि भेग पडायचीच असेल तर ती आधाराच्या कडेशी वरून सुरू होते. बेसॉल्टचा लांब दगड हे बरेच सोसतो, वीट सोसत नाही. म्हणून वीटकामात एका थरात साधारण पाव विटेहून अधिक पुढे काढत नाहीत, आणि त्या हिशेबाने विटांत चार मीटरचा गाळा घ्यायचा तर थरांची संख्या अवाजवी वाढते.

अंबरनाथच्या शिवमंदिरात (शिलालेखानुसार 1060) आणि आपल्याकडच्या इतर हेमाडपंती मंदिरांत मंडपाची छते याच पद्धतीची आहेत. मात्र ती पाहताना एक गोष्ट विसरू नये. थर गोलाकार असतील, तर प्रत्येक थर एक पूर्ण कडे बनतो. आत कलंडू पाहणारे दगड त्या कड्यात एकमेकांवर दाबले जातात आणि अडून बसतात. ग्रीसमधील मायसीनी येथील अत्रेउसचा खजिना म्हणून ओळखले जाणारे थडगे सुमारे 14.5 मीटर व्यासाचे आहे. ते सरळ दोन भिंतींमधल्या कॉर्बेलने शक्य झाले नसते. कड्यांचा हा आडवा दाब आणि वर टाकलेला मातीचा ढीग, या दोघांनी ते टिकवले आहे. म्हणजे गोल आराखड्यातला कॉर्बेल निम्मा घुमटासारखाच वागतो. याउलट लांबट खोलीवरचा कॉर्बेल या मदतीला मुकतो, आणि विद्यार्थी नेमका तोच आराखडा निवडतात.

आता त्याच खोलीवर 23 सेंटिमीटर जाडीची, म्हणजे एका विटेची, अर्धवर्तुळाकार लांब कमान टाकू. वीटकामाचे वजन घनमीटरला 1.9 टन धरले, तर खोलीच्या प्रत्येक मीटर लांबीमागे कमानीच्या अर्ध्या भागाचे वजन सुमारे 1.44 टन होते. ते सरळ खाली उतरत नाही. कमानीच्या दोन अर्ध्या बाजू माथ्याशी एकमेकींवर रेलतात, आणि पायथ्याशी भिंतीला बाहेर ढकलतात. या अर्ध्या भागाचा गुरुत्वमध्य पायथ्यापासून आडवा 0.76 मीटरवर आहे, आणि जाडीच्या मध्यरेषेपर्यंत कमानीची उंची 2.1 मीटर. 1.44 ला 0.76 ने गुणून 2.1 ने भागले, की आडवा रेटा मिळतो, सुमारे 0.52 टन प्रति मीटर. सूत्र पाहिले की हेही लक्षात येते की कमान जितकी बसकी, तितका भागाकाराचा छेद लहान आणि रेटा मोठा. छप्पर कमी उंच हवे म्हणून बसकी कमान काढणाऱ्याने भिंत जाड करण्याची तयारी ठेवावी.

भिंत किती जाड, हे आता मोजू. भिंत 45 सेंटिमीटर असेल तर प्रत्येक मीटर लांबीत तिचे वजन 2.57 टन. तिच्या बाहेरच्या तळकडेभोवती रेटा तिला 1.57 टन-मीटरने उलटवू पाहतो. भिंतीचे आणि कमानीचे वजन मिळून केवळ 1.06 टन-मीटरने रोखते. म्हणून ती पडेल. समतोल साधतो तो 57 सेंटिमीटर जाडीला, पण त्या जाडीला काठावरचाच समतोल असतो. प्रत्यक्षात 80 सेंटिमीटरच्या आसपास जावे, किंवा पायथ्याच्या पातळीवर दोन्ही भिंती जोडणारे लोखंडी गज घालावेत. दीड मीटर अंतराने 12 मिलिमीटरचा गज घेतला, तर प्रत्येकावर 0.8 टनाच्या आसपास ताण येतो, जो त्याला सहज पेलतो. गज दिसणे अनेकांना कुरूप वाटते, पण मला ते प्रामाणिक वाटतात, कारण त्यातून बळे कोठे आहेत ते दिसते.

कमान कशी मोडते, हे समजले तर भेगांकडे पाहण्याची भीती जाते. भिंती किंचित बाहेर सरकल्या की माथ्याशी आतून एक भेग उघडते, आणि खालच्या खांद्यांजवळ बाहेरून दोन. तीन ठिकाणी अशी बिजागरीसारखी हालचाल झाली, तरी कमान उभी राहू शकते. चौथी बिजागरी तयार झाली, की मग ती कोसळण्याच्या मार्गावर असते. म्हणून माथ्यावरची एक जुनी, न वाढणारी भेग ही मुख्य चिंता नव्हे, तर भिंत अजून सरकते आहे का, हा प्रश्न आहे. भेगेवर काचेची पट्टी चिकटवून ती फुटते का, हे काही महिने पाहिले की त्याचे उत्तर मिळते.

शिवाय जाडीचीही किमान मर्यादा आहे. अर्धवर्तुळाकार कमान केवळ स्वतःच्या वजनाखाली उभी राहण्यासाठी तिची जाडी त्रिज्येच्या सुमारे 10.7 टक्के हवी. आपल्या 2.1 मीटर त्रिज्येला ही जाडी 22.5 सेंटिमीटर होते, म्हणजे एका विटेची कमान जेमतेम उभी आहे. अर्ध्या विटेच्या जाडीने ती खांद्यांवर भरावाशिवाय टिकणार नाही.

आता घुमट. तो म्हणजे केवळ वर्तुळात फिरवलेली कमान, असे समजून चालत नाही. अर्धगोलाच्या माथ्यापासून सुमारे 52 अंशांपर्यंतचा भाग कड्यांच्या दिशेनेही दाबाखाली असतो, तर त्याखालची कडी ताणली जातात. कमानीला एकाच दिशेत आधार मिळतो, घुमटाला दोन दिशांत. त्यामुळे त्याची किमान जाडी त्रिज्येच्या केवळ 4.2 टक्के पुरते, आणि जी अर्ध्या विटेची कमान पडते, तोच घुमट, भिंती न सरकल्यास, उभा राहतो. बांधतानाही फायदा असा की कडे पूर्ण झाले की ते स्वतःला धरून राहते, म्हणून पूर्ण सेंटरिंगची गरज कमी होते. कमानीत मात्र माथ्यावरचा शेवटचा, चावीचा दगड बसेपर्यंत सेंटरिंग हलवता येत नाही.

याची किंमत खालच्या ताणात द्यावी लागते. आपल्या एका विटेच्या घुमटात 52 अंशांखालच्या कड्यांचा एकूण ताण सुमारे 0.6 टन भरतो. विटेला तो सोसत नाही, म्हणून घुमटाला पायथ्यापासून वर उभ्या भेगा पडतात आणि त्या वर जाताना बारीक होत संपतात. रोमच्या पॅन्थिऑनमध्ये अशा भेगा आहेत, आणि तो 43 मीटरहून अधिक व्यासाचा घुमट उभाच आहे, कारण भेगांनी वेगळे झालेले भाग कमानींसारखे वागतात आणि जाड भिंती त्यांचा रेटा घेतात. व्हॅटिकनमधील सेंट पीटर चर्चच्या घुमटाला अशा भेगा पडल्यावर गणितज्ञ जोव्हान्नी पोलेनी यांनी भागांच्या प्रमाणात वजने लावलेली साखळी टांगली. साखळी जशी लोंबते, तीच उलटी केली की दाबाची रेषा मिळते. ती घुमटाच्या जाडीतच बसते हे त्यांनी दाखवले, आणि 1743-44 मध्ये लोखंडी कडी बसवण्यात आली.

पण आपल्या खोलीचा आराखडा चौरस असेल, तर घुमट निवडण्याआधी कोपऱ्यांचा विचार हवा. विजापूरचा गोलघुमट याचे उत्कृष्ट उदाहरण आहे. आतून सुमारे 41 मीटर बाजूच्या चौरस दालनावर सुमारे 38 मीटर व्यासाचा घुमट आहे. एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानींनी चौकोनाचे वर्तुळ केले आहे, आणि त्यांच्यामुळे घुमट भिंतींपासून बराच आत बसतो. आतल्या बाजूला लटकलेले ते वजन घुमटाच्या बाहेर ढकलणाऱ्या रेट्याच्या विरुद्ध काम करते. म्हणजे कोपरे भरणारा भागच रेट्याचा तोल सांभाळण्यास मदत करतो.

आपल्या चार मीटरच्या खोलीसाठी माझा कल असा आहे. खोली लांबट असेल आणि समोरासमोरच्या दोन भिंतींत मोठ्या खिडक्या हव्या असतील, तर कमान घ्यावी. तिची पायथ्याची टोके उरलेल्या दोन भिंतींवर टेकतील अशी तिची दिशा ठेवावी आणि त्या भिंती जाड ठेवाव्यात, किंवा गज घालावेत. खोली चौरस किंवा गोल असेल आणि कारागीर कुशल असतील, तर घुमट कमी सामग्रीत होईल. फक्त पायथ्याशी न गंजणाऱ्या पोलादाचे एक अखंड कडे हवे, कारण साधे लोखंड चुन्यात गंजून फुगते आणि ज्या दगडाला वाचवायचे त्यालाच फोडते. कॉर्बेल मी निवडेन तो केवळ लांब दगड मुबलक असतील, सेंटरिंगला लाकूड नसेल, गाळा दीड-दोन मीटरच्या आत असेल आणि वर भरावाचे वजन टाकणे शक्य असेल तेव्हा. चार मीटरला तो गोल आराखड्यावरच योग्य ठरतो, आणि तेथेही आधी कागदावर प्रत्येक थराच्या गुरुत्वमध्याची जागा काढून पाहावी.