हलक्या मेकअपला आधी ऑइल क्लिन्झर हवाच का?

टिंटेड मॉइश्चरायझर, थोडा ब्लश आणि साधा मस्कारा एवढाच मेकअप असेल, तर बहुधा एकटा फेसवॉश पुरतो. मात्र तो ओल्या चेहऱ्यावर मिनिटभर चोळायला हवा. दहा सेकंदांत धुतला तर केसांच्या कडेला थर राहतो.

ऑइल क्लिन्झर कोरड्या चेहऱ्यावर, कोरड्या हातांनीच लावायचा. तेलात मेण आणि सिलिकोन सुटतात. मग थोडं पाणी घेऊन तो दुधाळ होईपर्यंत चोळायचा, धुवायचा आणि वर फेसवॉश. दुधाळ न करता धुतला तर चिकट थर उरतो.

वेळ आणि खर्च अर्थातच दुप्पट. कोरड्या त्वचेला दोनदा धुणं ओढही आणतं.

वॉटरप्रूफ मस्कारा किंवा पाण्याला टिकणारं सनस्क्रीन असेल, तर मेकअप कितीही हलका असो, तेल आधी. नाहीतर फेसवॉशच बरा.