तीन मशीन, दहाच्या तीन मोटरी: ड्राइव्ह कुठला घ्यायचा?

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीवाल्या मालकांनी मला तीन ड्राइव्हचं, म्हणजे हर्ट्झ बदलून मोटरचा वेग कमीजास्त करणाऱ्या पेट्यांचं, कोटेशन मागितलं. एक वाळूच्या बेल्टसाठी, एक धूळ ओढणाऱ्या ब्लोअरसाठी आणि एक मशीन शॉपमधल्या जुन्या लेथसाठी. तिन्ही ठिकाणी मोटर दहा एचपीची, म्हणजे ७.५ किलोवॅट, १४४० आरपीएम. मी मशीन बघायला येतो म्हटल्यावर ते हसले. "अहो, मोटर दहाची, मग ड्राइव्ह बी दहाचाच की! त्यात बघायचं काय?"

बघायचं हे, की नेमप्लेटवरचा दहा एचपी मोटर काय देऊ शकते ते सांगतो. मशीन काय मागतं ते सांगत नाही. आणि वेग कमी केला की ही तीन मशीन तीन वेगळ्या गोष्टी मागतात. पूर्ण वेगाला टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, आणि पॉवर दोन्ही १०० टक्के धरले, तर चित्र असं दिसतं:

| वेग | बेल्ट (स्थिर टॉर्क) | ब्लोअर (वर्गनियम) | लेथ (स्थिर पॉवर) |
|---|---|---|---|
| ५० हर्ट्झ | टॉर्क १००, पॉवर १०० | टॉर्क १००, पॉवर १०० | टॉर्क १००, पॉवर १०० |
| ४० हर्ट्झ | टॉर्क १००, पॉवर ८० | टॉर्क ६४, पॉवर ५१ | टॉर्क १२५, पॉवर १०० |
| २५ हर्ट्झ | टॉर्क १००, पॉवर ५० | टॉर्क २५, पॉवर १२.५ | टॉर्क २००, पॉवर १०० |

शेवटची ओळ नीट बघा. अर्ध्या वेगाला ब्लोअर पाव टॉर्क मागतो आणि लेथ दुप्पट. मोटरची तब्येत टॉर्कवर ठरते, कारण टॉर्क म्हणजे करंट आणि करंट म्हणजे वाइंडिंगची गरमी.

ब्लोअर सगळ्यात गरीब गिऱ्हाईक. त्याला साधा 'नॉर्मल ड्यूटी'चा ड्राइव्ह पुरतो, म्हणजे एक मिनिटभर ११० टक्के करंट देणारा. तो स्वस्तही पडतो. स्टार-डेल्टावरही, म्हणजे मोटर आधी कमी व्होल्टेजवर उठवून मग पूर्ण व्होल्टेजवर टाकणाऱ्या स्टार्टरवरही, ब्लोअर मजेत उठतो, कारण सुरुवातीला त्याला टॉर्क लागतच नाही. अडचण येते ती थांबवताना. जड पंखा फिरत राहतो, मोटरला जनरेटर बनवतो, ड्राइव्हच्या आतला डीसी व्होल्टेज चढतो आणि ओव्हरव्होल्टेजचा ट्रिप येतो. त्यामुळे थांबायला मिनिटभर वेळ द्या, नाहीतर सरळ मोकळा सोडून थांबू द्या. वीज क्षणभर गेली, तर फिरता पंखा पकडून परत चालू करायची सोय ड्राइव्हमध्ये असते. ती चालू करून ठेवा.

मालकांना ब्लोअरवर वीजबचत हवी होती. ४० हर्ट्झला निम्मी वीज, हे कागदावर खरं आहे. पण हा ब्लोअर वाळूची धूळ ओढतो. डक्टमध्ये हवेचा वेग सेकंदाला १८ ते २० मीटरच्या खाली गेला, की धूळ वाहायची सोडून डक्टच्या तळाशी बसायला लागते. यांच्या डक्टमध्ये पूर्ण वेगाला २२ मीटर मिळत होते. ४० हर्ट्झला ते १७.६ होतील, म्हणजे महिन्याभरात डक्ट वाळूनं भरायला सुरुवात. आम्ही ४५ हर्ट्झवर थांबलो. तिथेही वीज सुमारे २७ टक्के कमी लागते. उलट्या बाजूचा मोहसुद्धा आवरा: ओढ कमी पडते म्हणून ५५ हर्ट्झ केलं, तर पॉवर एकतृतीयांशानं वाढते आणि आधीच पूर्ण भरलेली मोटर जळायच्या वाटेला लागते.

पंचगंगेकाठच्या पाणी योजनांचे पंपही याच रांगेत धरतात, पण तिथे हिशोब फसतो. पंप बंद व्हॉल्व्हवर ४० मीटर उंची देत असेल आणि पाणी चढवायचं असेल ३० मीटर, तर साधारण ४३ हर्ट्झलाच पाणी वर येणं बंद होतं. मोटर फिरते, शेतात थेंब नाही. पॉवर वेगाच्या घनानं उतरते हा ब्लोअरचा नियम अशा पंपाला लावू नका.

आता बेल्ट. त्याच्यावर वाळू तेवढीच, घर्षण तेवढंच, वेग काहीही असो; म्हणून टॉर्क स्थिर. गुऱ्हाळातला उसाचा चरकही याच जातीचा. इथे ड्राइव्ह 'हेवी ड्यूटी'च घ्यायचा, एक मिनिट १५० टक्के देणारा. कारण बेल्टचा खरा प्रश्न सकाळी सात वाजता असतो. रात्री भरलेला बेल्ट तसाच थांबवला, ओली वाळू बसली, रोलर आखडले. सकाळी त्याला उठवायला चालत्या टॉर्कच्या दीडपट लागतो. दहाच्या मोटरचा पूर्ण करंट जवळपास १५ अँपिअर, म्हणजे दीडपट झाला साडेबावीस. नॉर्मल ड्यूटीचा १६ अँपिअरचा ड्राइव्ह ११० टक्क्यांनी साडेसतरालाच हात टेकतो. दोन्ही ड्राइव्हच्या डब्यावर '१० एचपी' असं लिहिलेलं असू शकतं, म्हणून डब्यावरचा एचपी नको, अँपिअर वाचा. स्टार-डेल्टाची गोष्ट तर आणखी वाईट. स्टारमध्ये टॉर्क एकतृतीयांश होतो. थेट चालू केल्यावर २२० टक्के देणारी मोटर स्टारमध्ये ७३ टक्के देणार. बेल्ट हलत नाही, टायमर डेल्टावर टाकतो, आणि बेल्टला असा हिसका बसतो की जोडाचे खिळे निघतात.

बेल्टचं दुसरं दुखणं गरमीचं. मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो. वेग २० हर्ट्झवर आणला, की हवा कमी होते पण टॉर्क, करंट आणि गरमी तशीच राहते. तासन्‌तास असा चालवायचा असेल तर मागे वेगळा पंखा बसवलेली मोटर घ्या, किंवा एक साईज मोठी. यांना बेल्ट ३५ च्या खाली न्यायचाच नव्हता, त्यामुळे पंख्याचा खर्च मी लिहिलाच नाही.

लेथवर मात्र अर्धा दिवस गेला. उद्यमनगरातून घेतलेला जुना गिअर हेड लेथ. मूळ मोटर पाच एचपीची. गिअरचा आवाज आणि लिव्हर बदलायची कटकट नको म्हणून कुणीतरी गिअर काढून टाकले होते आणि दहाची मोटर सरळ बेल्टनं चकला जोडली होती. वेग ड्राइव्हनं बदलू, असा विचार. आधी कुठूनतरी आणलेला ड्राइव्ह लावून बघितलाही. चारशे एमएमच्या बिडाच्या फ्लँजचं फेसिंग करताना, म्हणजे तोंड सपाट कापताना, टूल काठाला लागलं की चक मंदावायचा आणि ड्राइव्ह ओव्हरलोड दाखवून बसायचा. मधे आलं की झकास चालायचं. "दुप्पट मोटर टाकली तरी असं?" हा मालकांचा प्रश्न रास्त होता.

हिशोब मांडू. बिडाला कटिंग स्पीड मिनिटाला १०० मीटर धरला, तर ४०० एमएमवर चकला ८० आरपीएम हवेत आणि १०० एमएमवर ३१८. कट ३ एमएम खोल, फीड ०.३, बिडासाठी दर चौरस एमएमला १२०० न्यूटन धरले, तर टूलवर जोर येतो १०८० न्यूटन. तो व्यास बदलला तरी तेवढाच. कटिंग स्पीडही तोच, म्हणून पॉवर कायम १.८ किलोवॅट. अडीच एचपीसुद्धा नाही! पण टॉर्क बघा: ४०० एमएमवर २१६ न्यूटन-मीटर, १०० एमएमवर फक्त ५४.

आता ३१८ आरपीएम ५० हर्ट्झला मिळावेत अशी पुली लावली, तर मोटर आणि चकचं गुणोत्तर साडेचार. ८० आरपीएमला मोटर साडेबारा हर्ट्झवर. बेल्ट-बेअरिंगचे १५ टक्के तोटे धरून मोटरला द्यावे लागतात ५६ न्यूटन-मीटर. दहाच्या मोटरचा पूर्ण टॉर्क किती? ९५५० गुणिले ७.५ भागिले १४४०, म्हणजे ५० च्या आतबाहेर. कमी पडतो, तोही पंखा जवळजवळ थांबलेला असताना. म्हणजे १.८ किलोवॅटच्या कटासाठी १५ एचपीची मोटर, वेगळा पंखा आणि तेवढाच मोठा ड्राइव्ह. हे वाचून कुणाला पैसे वाया गेल्यासारखं वाटत असेल, तर बरोबर वाटतंय.

पाच एचपीचा जुना लेथ हेच काम कसा करत होता? गिअरमुळे. गिअर वेग कमी करतो आणि तेवढाच टॉर्क वाढवतो, पॉवर तशीच ठेवतो. ड्राइव्ह वेग कमी करतो पण टॉर्क वाढवत नाही. ५० हर्ट्झच्या खाली तो मोटरकडून स्थिर टॉर्कच काढू शकतो. स्थिर पॉवर तो देतो, पण ५० च्या वर: व्होल्टेज ४१५ च्या पुढे जात नाही, चुंबकत्व पातळ होतं, १०० हर्ट्झला टॉर्क निम्मा राहतो. लेथला चढत्या वेगाला निम्माच टॉर्क हवा असतो, म्हणून जोडी जमते. फक्त फार ताणू नका. मोटर अडकण्याआधीचा कमाल टॉर्क वेगाच्या वर्गानं उतरतो. ५० ला २५० टक्के असेल तर १०० ला ६२ राहतो आणि लागतात ५०. दुपटीच्या पुढे साध्या मोटरकडून अपेक्षा करू नये. १०० हर्ट्झला बेअरिंग आणि बॅलन्स चालेल का, हे मोटर बनवणाऱ्याकडून लिहून घ्या.

आपल्याला वेगाची चौपट रेंज हवी: दुप्पट गिअरकडून, दुप्पट ५० ते १०० हर्ट्झमधून. खालच्या गिअरला ८० ते १६०, वरच्या गिअरला १६० ते ३१८. खालच्या गिअरचं गुणोत्तर १८ ठेवलं तर मोटरला लागतात १४ न्यूटन-मीटर. पाच एचपीची मोटर २४-२५ देते, आणि ती ५० च्या खाली जातच नाही, म्हणून वेगळा पंखाही नको. एका फेसिंगमध्ये दोनशे एमएमला एकदा थांबून लिव्हर टाकायचा, एवढीच कटकट उरते. ज्यांना तीही नको त्यांनी स्पिंडलची खास मोटर घ्यावी, पण तिच्या किमतीत हा अख्खा लेथ येईल.

तुमच्याकडे कुठल्या जातीचा लोड आहे याची शंका असेल, तर ड्राइव्हच्या स्क्रीनवर टॉर्कचा टक्का लावा आणि २५, ४०, ५० हर्ट्झला वाचा. अँपिअर बघू नका. त्यात बिनकामाचा चुंबकीय करंट मिसळलेला असतो, दहाच्या मोटरला पूर्ण करंटच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे ब्लोअरचा उतारही सपाट दिसतो. टक्का तिन्हीकडे तोच आला तर बेल्टची जात, २५ ला पाव झाला तर ब्लोअरची. लेथचा मात्र कट लावूनच वाचावा लागतो.

शेवटी कोटेशन गेलं ते असं: ब्लोअरला दहाचा नॉर्मल ड्यूटी, बेल्टला दहाचा हेवी ड्यूटी, लेथला पाचाचा हेवी ड्यूटी आणि लेथवरची दहाची मोटर बेल्टला स्पेअर म्हणून ठेवायची. काढलेले गिअर भंगारात गेले असतील अशी मला धास्ती होती. मालकांनी पोराला हाक मारली. बाकाखाली सिमेंटच्या पोत्यात, ग्रीससकट सगळे होते.