भारित सरासरी तपासायची: किमान-कमाल पट्टा, आवळलेला पट्टा की गृहीतमध्य?

नाशिकमधल्या एखाद्या कॉलेजात विषयाचा निकाल लावताना चार घटक आणि चार वेगवेगळे भार असतात. कॅल्क्युलेटर एक आकडा दाखवतो, आणि तो बरोबर आहे की नाही हे पुन्हा तीच बटणं दाबून कळत नाही. तीच चूक दुसऱ्यांदाही होऊ शकते. पडताळणी वेगळ्या वाटेनं हवी. अशा तीन वाटा आहेत. त्यांतली कोणती घ्यायची, हे वेळ किती आहे आणि कोणत्या चुकीची धास्ती आहे यावर ठरतं.

एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. प्रात्यक्षिक ८८ (भार २० टक्के), स्वाध्याय ९२ (१०), घटक चाचण्या ७४ (३०), अंतिम परीक्षा ६१ (४०). सगळे गुण शंभरपैकी आहेत. बरोबर उत्तर असं येतं: १७.६ + ९.२ + २२.२ + २४.४ = ७३.४.

पहिली वाट सगळ्यांत सोपी. सर्वांत कमी गुण ६१, सर्वांत जास्त ९२. उत्तर या दोहोंच्या मध्येच हवं. कारण साधं आहे. चारही गुण ६१ असते तर भार कसेही असले तरी उत्तर ६१ आलं असतं, आणि खरे गुण त्याहून कमी नाहीत. वरच्या टोकाला ९२ चं तसंच. अट दोनच: एकही भार ऋण नसावा, आणि ज्या संख्येनं भागतो ती भारांची खरी बेरीज असावी. वर बोनस किंवा सवलतीचे गुण मिळवले असतील तर ते बाजूला ठेवूनच ही तपासणी करायची.

ढोबळ वाटत असली तरी ही तपासणी मोठ्या चुका लगेच पकडते. साध्या दुकानी कॅल्क्युलेटरवर ८८ × २० + ९२ × १० असं सलग दाबलं, तर तो आधी १७६०, मग त्यात ९२ मिळवून १८५२, मग त्याची दहापट करतो. चारही घटक असे दाबून शंभरनं भागलं की २,२३,१५२.४ येतात. सायंटिफिक कॅल्क्युलेटर गुणाकार आधी करतो, पण बेरजेला कंस दिला नाही तर फक्त शेवटचा गुणाकार शंभरनं भागला जातो आणि ४,९२४.४ दिसतात. साध्या यंत्रावर यावर उपाय म्हणजे प्रत्येक गुणाकारानंतर M+ दाबायचं, शेवटी MRC दाबून शंभरनं भागायचं. मागच्या विद्यार्थ्याची बेरीज मेमरीत राहू नये म्हणून सुरुवातीलाच मेमरी कोरी करायची.

याहून फसवी चूक सत्राच्या मध्यात होते. अंतिम परीक्षा अजून झालेली नाही, तीनच घटक हातात आहेत, तरी सवयीनं शंभरनं भागलं जातं. उत्तर येतं ४९. आकडा अशक्य वाटत नाही, म्हणून तो खपून जातो. पण तिन्ही गुणांत सर्वांत कमी ७४ आहे, मग सरासरी ४९ कशी? भारांची बेरीज ६० आहे. ४९ ला ६० नं भागून शंभरनं गुणलं की ८१.७ मिळतात, आणि ते ७४ ते ९२ मध्ये नीट बसतात. ही एक चूक पकडण्यासाठीसुद्धा पहिली वाट कधी सोडू नये.

पण तिची मर्यादा मोठी आहे. ६१ ते ९२ हा पट्टा ३१ गुणांचा. भार विसरून चार गुणांची साधी सरासरी काढली तर ७८.७५ येतात, स्वाध्याय टाकायचा राहिला तर ६४.२. दोन्ही चूक, दोन्ही पट्ट्याच्या आत.

दुसरी वाट हा पट्टा आवळते. भारी घटक एका गटात, हलके दुसऱ्यात. अंतिम परीक्षा आणि चाचण्या मिळून ७० टक्के. त्यांची सरासरी ६१ आणि ७४ च्या मध्ये, आणि ६१ चा भार जास्त असल्यानं मध्यबिंदू ६७.५ च्या खाली. उरलेल्या ३० टक्क्यांत ८८ चा भार ९२ च्या दुप्पट, म्हणजे ती सरासरी ८८ ते ९० मध्ये. आता खालची टोकं जोडा: ०.७ × ६१ + ०.३ × ८८ = ६९.१. वरची जोडा: ०.७ × ६७.५ + ०.३ × ९० = ७४.२५. एकतीस गुणांचा पट्टा जवळपास पाचावर आला. ७८.७५ बाहेर, ६४.२ बाहेर. चाचण्या आणि अंतिम परीक्षेचे भार अदलाबदल झाले तर ७४.७ येतात, तेही बाहेर, जरी अगदी थोडक्यात.

तिसरी वाट दहावीच्या संख्याशास्त्रातली गृहीतमध्य पद्धत. ७० गृहीत धरा. विचलनं १८, २२, ४ आणि उणे ९. भारांनी गुणा: ३६०, २२०, १२०, उणे ३६०. इथे पहिला आणि शेवटचा एकमेकांना खाऊन टाकतात, उरतात ३४०. शंभरनं भागून ३.४. उत्तर नेमकं ७३.४. विचलनं २०, २०, ५, उणे १० अशी गोल केली तर ७३.५, तोंडी आणि तरी जवळ.

| कॅल्क्युलेटरवर दिसलेला आकडा | ६१–९२ पट्टा | आवळलेला पट्टा | गृहीतमध्य |
|---|---|---|---|
| ४,९२४.४ (कंस राहिला) | पकडतो | पकडतो | पकडतो |
| ६४.२ (स्वाध्याय राहिला) | सुटतो | पकडतो | पकडतो |
| ७८.७५ (भार विसरले) | सुटतो | पकडतो | पकडतो |
| ७४.७ (भार उलटे) | सुटतो | जेमतेम पकडतो | नेमकं केलं तरच खात्रीनं |

शेवटची ओळ नीट वाचावी. गोल विचलनांनी ७३.५ आणि यंत्रावर ७४.७ असा १.२ चा फरक गोल करण्यामुळे पडला असं समजून सोडून देणं सोपं आहे. असा संशय आला की विचलनं गोल न करता एकदा मांडावी. शिवाय भार कॅल्क्युलेटरवर टाकलेल्या यादीतून न घेता मूळ गुणयोजनेतून वाचावेत, नाहीतर उलटे भार तपासणीतही उलटेच राहतात. हेच गुणांनाही लागू आहे. चाचण्यांचे ५० पैकी ३७ हे टक्क्यांत ७४ होतात. कोणी ३७ तसेच टाकले तर उत्तर ६२.३ येतं. टाकलेल्या यादीवरून पट्टा काढला तर तो ३७ पासून सुरू होतो आणि चूक आत लपते. मूळ गुणपत्रकावरून काढला तर आवळलेला पट्टा ती पकडतो.

घटक दोनच असतील तर तिन्ही वाटा एकच होतात. लासलगावच्या बाजारात समजा १८ क्विंटल कांदा १,४५० रुपयांनी आणि ६ क्विंटल ९०० नं गेला. भार ३ : १, म्हणून सरासरी १,४५० पासून अंतराच्या पाव भागावर: ५५० चा पाव १३७.५०, भाव १,३१२.५०. इथे वेगळ्या पट्ट्याची गरज उरत नाही.

चार-पाच घटकांचा पूर्ण वर्गाचा निकाल असेल तर प्रत्येक ओळीला किमान-कमाल पट्टा लावावा. नजर फिरवण्याइतकंच काम आहे. आवळलेला पट्टा पहिल्या दोन-तीन विद्यार्थ्यांना लावावा, कारण भार किंवा सूत्र चुकलं असेल तर ते तिथेच सगळ्यांसाठी चुकलेलं असतं. गृहीतमध्य पद्धत उत्तीर्णतेच्या किंवा श्रेणीच्या सीमेवरच्या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवावी. तिथे एका गुणाच्या फरकानं निकाल बदलतो आणि पाच गुणांचा पट्टा पुरत नाही.