पर्यायांची प्रश्नमंजूषा की ‘ओळखा पाहू’?

तीन-चारशे अनुयायी असलेल्या शैक्षणिक पानासाठी पर्याय देऊन प्रश्न विचारावा की ‘ओळखा पाहू’ म्हणून उत्तरे कमेंटमध्ये मागवावीत, हा प्रश्न मलाही पडला होता. विज्ञानाच्या छोट्या पानावर मी दोन्ही प्रकार बरेच दिवस चालवले आहेत.

कमेंटच्या प्रकारात माणसे नावानिशी भेटतात आणि क्वचित चांगला वादही रंगतो, हे मान्यच करावे लागेल. मात्र मला सतत खुपलेली गोष्ट अशी की पहिले बरोबर उत्तर आले की खेळ तिथेच संपतो. ‘उकळत्या पाण्यातल्या बुडबुड्यांत काय असते?’ असे मी विचारले, तेव्हा दहा मिनिटांत एका जाणकाराने ‘पाण्याची वाफ’ असे लिहिले आणि त्याखाली ‘वाफ’, ‘वाफच’, ‘बरोबर, वाफ’ अशी रांग लागली. ज्यांना मनातून ‘हवा’ वाटत होते ते गप्प बसले, आणि प्रश्न तर नेमका त्यांच्यासाठीच होता. मोठ्या पानावर नंतर येणारे अनेक जण आधीच्या कमेंट न वाचताच उत्तर देतात. आपल्याकडे मोजक्या दहा कमेंट असतात आणि त्या सगळेच वाचतात.

काही महिन्यांनी तोच प्रश्न हवा, वाफ, हायड्रोजन व ऑक्सिजन, आणि निर्वात पोकळी अशा चार पर्यायांसह टाकला. मत देईपर्यंत इतरांचा कौल दिसत नसल्यामुळे या वेळी ‘हवा’ सर्वांत पुढे गेली आणि हायड्रोजन-ऑक्सिजनलाही बऱ्यापैकी मते पडली. पाणी तापताना आधी दिसणारे बारीक बुडबुडे विरघळलेल्या हवेचे असतात, खळखळून उकळतानाचे मात्र वाफेचे, आणि उकळल्याने पाण्याचे रेणू फुटत नाहीत, एवढे स्पष्टीकरण मग नेमके लागू पडले. टेलिग्रामच्या क्विझमध्ये हे स्पष्टीकरण २०० अक्षरांत बसवावे लागते आणि चॅनेलवर मत कोणाचे ते कळत नाही, ही अडचण आहेच. शिवाय वीस मते आली, तर निव्वळ अंदाजाने प्रत्येक पर्यायाला सरासरी पाच पडतील. त्यामुळे पाच-सहा मतांवरून निष्कर्ष काढू नये. बरोबर पर्याय सर्वांत लांबलचक लिहिण्याची खोडही मला मोडावी लागली, कारण नियमित वाचक लांबी पाहूनच उत्तर ओळखू लागले होते.

उत्तर संख्येत असेल, तर कमेंटला अजूनही वाव आहे असे मला वाटते. एक लिटर पाण्याची १०० अंश सेल्सियसला, नेहमीच्या वातावरणीय दाबाखाली, किती लिटर वाफ होईल? उत्तर सुमारे १,६०० ते १,७०० लिटर असल्याने ते सहजी कोणी सांगत नाही आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा पडू शकतो. तरी पहिल्याने ‘१००’ लिहिल्यावर पुढचे बहुतेक अंदाज ८० ते १५० मध्येच घुटमळले, म्हणून हल्ली असा प्रश्नही मी आधी पर्याय देऊनच विचारतो आणि कमेंटमध्ये फक्त कारण मागतो.